मॉक इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग बघताना नेमकं काय मोजायचं?

प्रश्न: धाकट्या भावाचा मॉक इंटरव्ह्यू मोबाईलवर रेकॉर्ड केलाय. तो कधी भराभर बोलतो, कधी 'अं, म्हणजे' करत अडखळतो, आणि नजर खाली जाते. हे मोजून त्याला सुधारायला कशी मदत करू? आम्ही अमळनेरला असतो.

उत्तर:

पूर्ण रेकॉर्डिंग मोजत बसू नका. दीड-दोन मिनिटांचं एकच उत्तर निवडा आणि त्याचे तुकडे पाडा. वेग, 'अं', थांबे आणि नजर या चार गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या तर फारसं काही हाती लागत नाही. त्या एकाच जागी कुठे बिघडतात ते शोधायचं असतं. मी जळगावात मुलांच्या मुलाखतींची तयारी करून घेतो. त्यातलंच एक उदाहरण देतो.

बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला, धरणगावकडचा मुलगा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी ट्रेनीच्या जागेसाठी तयारी चालली होती. प्रोजेक्ट होता केळीच्या खोडाच्या भुकटीने पाण्यातला मिथिलिन ब्ल्यू रंग काढण्याचा. प्रश्न विचारला, "प्रोजेक्ट काय होता आणि त्यातून काय निघालं?" त्याचं उत्तर १०० सेकंदांचं झालं. 'अं', 'म्हणजे', 'ते हे' असे भरतीचे १७ शब्द सोडले, तर १८८ शब्द. मिनिटाला साधारण ११३ पडले. कागदावर सगळं छान.

मग तेच उत्तर तीन भागांत मोजलं. पहिल्या २० सेकंदांत २२ शब्द, मधल्या ५० सेकंदांत १२८ आणि शेवटच्या ३० सेकंदांत ३८. म्हणजे मिनिटाला ६६, मग १५४, मग ७६. सरासरीने हे सगळं झाकून टाकलं होतं. आता थांबे वजा करा. पहिल्या भागात ८ सेकंद शांतता, मध्ये ३, शेवटी ११. उरलेल्या वेळावर भागलं की प्रत्यक्ष तोंडाचा वेग पहिल्या भागात ११०, शेवटच्या भागात १२० येतो. दोन्हीकडे जवळपास सारखाच. मध्ये मात्र १६३.

याचा अर्थ सरळ आहे. सुरुवातीला आणि शेवटी तो हळू बोलत नव्हता, थांबत होता. मधला भाग पाठ केलेला होता. आणि ते १७ भरतीचे शब्द? पहिल्या भागात ६, मध्ये फक्त २, शेवटी ९. शेवटचे बहुतेक आकड्यांच्या आधी आले होते: "भुकटी अं... म्हणजे साधारण..." तिथेच नजरही फरशीवर. विचारल्यावर कळलं, कलरीमीटरवरची रीडिंग्ज जोडीदाराने घेतली होती, याला निकाल नीट माहीतच नव्हता. अशा पोराला "'अं' म्हणू नकोस" सांगून काय उपयोग? त्याला फाइल उघडून भुकटी किती घेतली, किती मिनिटं हलवली आणि रंग किती टक्के उतरला, एवढं समजून घ्यायला लावलं. पुढच्या वेळी तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत विचारला, तेव्हा त्या भागातले ९ चे ३ झाले. बोलण्याचा वेगळा सराव घेतलाच नव्हता.

आता मोजायचं कसं. ऑडेसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. व्हिडिओतला आवाज वेगळा काढून त्यात उघडा, चालू करा आणि प्रत्येक 'अं'ला Ctrl+M दाबा, म्हणजे त्या जागी खूण पडते. थांबे लहरींच्या चित्रात सपाट दिसतात, पण पाव सेकंदाच्या आतले सोडून द्या. 'पक्का', 'पट्टी' म्हणतानाही आवाज क्षणभर बंद होतोच. मी अर्ध्या सेकंदाच्या वरचेच धरतो. शांतता आपोआप शोधायची सोयही असते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालू असला की तिला शांतता सापडतच नाही. रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद ठेवा, नाहीतर कानाने मोजा. आपोआप येणाऱ्या सबटायटल्सवरूनही मोजू नका, त्यात 'अं' बहुतेक वेळा गाळलेला असतो.

प्रत्येक 'म्हणजे' भरतीचा नसतो. काढून वाक्य वाचा. अर्थ तसाच राहिला तर भरतीचा, खरोखर काही समजावत असेल तर सोडा.

थांब्याची लांबी बघण्याआधी जागा बघा. वाक्य संपल्यावर दीड सेकंद थांबला तर ऐकणाऱ्याला बरंच वाटतं. "आम्ही त्या द्रावणाचं..." म्हणून एक सेकंद थांबला तर गाडी अडल्यासारखी वाटते. घरी अहिराणी बोलणारी मुलं इंग्रजी संज्ञेच्या आधी अशी थांबतात. तिथे ती संज्ञा दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतली की बरंच काम होतं.

इंटरनेटवर मिनिटाला १५० शब्दांचा जो आकडा फिरतो तो इंग्रजीचा आहे, मराठीला लावू नका. 'प्रयोगशाळेतल्या' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. त्यापेक्षा भावाला कापसाच्या भावाबद्दल किंवा क्रिकेटबद्दल दोन मिनिटं बोलतं करा आणि तेही रेकॉर्ड करा. त्याचा स्वतःचा सहज वेग तिथे मिळेल, तुलना त्याच्याशी.

नजरेसाठी आवाज बंद करून बघा. पण मोबाईल कुठे होता ते आधी आठवा. टेबलावर किंवा बाजूला ठेवला असेल, तर तो व्हिडिओ नजर तपासायला कामाचा नाही, कारण समोरच्याकडे बघणाराही त्यात भलतीकडे बघताना दिसतो. मोबाईल प्रश्न विचारणाऱ्याच्या खांद्यामागे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. ऑनलाइन मुलाखत असेल तर स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघितलं तरी समोरच्याला नजर खाली दिसते. त्या चेहऱ्याची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवा.

विचार करताना नजर हटते, ते नैसर्गिक आहे. ॲडम केंडन यांनी १९६७ साली संभाषणातल्या नजरेवर काम केलं होतं. त्यांनाही दिसलं की बोलणारा सुरुवातीला नजर वळवतो आणि बोलणं संपवताना पुन्हा समोर आणतो. म्हणून किती टक्के वेळ बघितलं हे मोजू नका, वाक्याच्या शेवटच्या शब्दाला नजर परत आली का, एवढंच बघा. आपल्याकडे थोरांपुढे नजर खाली ठेवायची सवय असते, ती एकदम मोडायला गेलात तर पोरगं टक लावून बघत बसतं आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

भावाला आकडे सांगूच नका. "तू १७ वेळा 'अं' म्हणालास" म्हटलं की पुढच्या वेळी तो स्वतःचेच 'अं' मोजत बोलतो आणि आणखी अडखळतो. अडखळलेला २० सेकंदांचा तुकडा आणि सहज बोललेला २० सेकंदांचा तुकडा एकामागोमाग ऐकवा आणि विचारा, "इथे काय आठवत नव्हतं?" पुढचं रेकॉर्डिंग त्याच प्रश्नावर घेऊ नका, नाहीतर तेवढं उत्तर पाठ होईल आणि मधल्या भागाचा वेग पुन्हा वाढेल. आणि प्रश्न शक्यतो तुम्ही न विचारता एखाद्या ओळखीच्या सरांना विचारायला लावा. दादासमोर तो जसा बोलतो तसा परक्यासमोर बोलत नाही, त्यामुळे घरच्या रेकॉर्डिंगमधले थांबे नेहमी कमीच निघतात.