वडिलांच्या घराचे पैसे वडिलांच्याच नावावर राहू द्या

प्रश्न : माझे वडील 77 वर्षांचे आणि आई 72 वर्षांची आहे. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि गेल्या वर्षी वडील जिन्यात पडले. घर वडिलांच्या नावावर आहे. ते 1 कोटीला घ्यायला ग्राहक तयार आहे, पण त्याला दोन महिन्यांत व्यवहार हवा आहे. त्या पैशातून आमच्याच इमारतीत 60 लाखांचे छोटे घर घ्यायचे, असे मी ठरवले आहे. पुढे वारसाची कटकट नको म्हणून ते माझ्या नावावर घेईन. उरलेल्या पैशातून बँकेतल्या अधिकाऱ्याने सुचवलेल्या विमा योजनेत 5 वर्षे दरवर्षी 5 लाख भरायचे आहेत. वडिलांचे वय जास्त असल्याने पॉलिसी माझ्या नावावर निघेल, आणि 12 टक्के परतावा अपेक्षित आहे. अर्ज दिला आहे, हप्ता अजून भरलेला नाही. वडिलांचे निवृत्तिवेतन महिना 32 हजार आहे, त्यांच्या पश्चात आईला निम्मे मिळेल. घरखर्च साधारण 44 हजार आणि बचत 6 लाख आहे. बहीण म्हणते, ज्येष्ठांच्या राहण्याची आणि काळजीची सोय असते अशा असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवू या. तिथे 20 लाख अनामत आणि दोघांचे महिना 70 हजार लागतात. वडील दोन्हीला तयार नाहीत. ‘मग माझे काय राहिले?’ एवढेच म्हणतात. त्यांना कसे पटवावे?

उत्तर : तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न हट्टाचा नाही. तो हिशेबाचा आहे, आणि तुमच्या योजनेप्रमाणे त्याचे उत्तर ‘फारसे काही नाही’ असे येते. म्हणून त्यांना पटवण्याआधी योजनाच बदलावी लागेल.

घर 1 कोटीला गेले, तरी दलाली, कर, सामान हलवणे आणि किरकोळ देणी धरून 8 लाख बाजूला काढा. हातात 92 लाख राहतील. नवे घर 60 लाखांचे असले, तरी नोंदणी, न्हाणीघरातले आधाराचे दांडे, न घसरणाऱ्या फरश्या आणि इतर डागडुजी धरून ते 65 लाखांवर जाईल. उरले 27 लाख. त्यातले 25 लाख हप्त्यांसाठी बांधले गेले की मोकळे राहिले 2 लाख आणि जुन्या बचतीचे 6 लाख. म्हणजे आज 1 कोटीच्या घराचा मालक असलेला माणूस व्यवहारानंतर 8 लाखांचा धनी होतो. घर तुमचे, पॉलिसी तुमची, आणि ते दोघे तुमच्या घरात राहणारे. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण कागदावर जे घडते ते हेच आहे आणि तुमच्या वडिलांनी ते बरोबर ओळखले आहे.

हे 8 लाख किती पुरतील ते पाहा. खर्च 44 हजार आणि निवृत्तिवेतन 32 हजार, म्हणजे महिन्याला 12 हजारांची तूट, वर्षाला सुमारे दीड लाख. पाच वर्षांत साडेसात लाख संपतात. तेही कोणी आजारी पडले नाही आणि मदतनीस ठेवावी लागली नाही, तर. वडिलांच्या पश्चात परिस्थिती सुधारत नाही. आईचे उत्पन्न 16 हजारांवर येईल, खर्च मात्र निम्मा होणार नाही. विजेचे, घराच्या देखभालीचे आणि कामवाल्या बाईचे पैसे एका माणसासाठीही तेवढेच लागतात. तिचा खर्च 30 हजार धरला, तर तूट 14 हजार, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकीच. त्यात पूर्णवेळ मदतनीस आली, तर तूट महिना 40 हजारांच्या, म्हणजे वर्षाला 5 लाखांच्या घरात जाते. त्या वेळी तिला प्रत्येक महिन्याला तुमच्याकडे मागावे लागेल, आणि ते पैसे मुळात तिच्याच घराचे होते, हे दोघांनाही माहीत असेल.

आता ‘वारसाची कटकट’. घर तुमच्या नावावर घेतले की ते तुमच्या आयुष्यातल्या सगळ्या जोखमींना उघडे पडते. तुम्ही व्यवसायासाठी कर्ज काढले आणि ते थकले, घटस्फोटाचा दावा उभा राहिला, किंवा तुम्हीच आई-वडिलांच्या आधी गेलात, तर त्या घराचे काय होईल हे धनको, न्यायालय आणि तुमचे वारस ठरवतील. 80 वर्षांची आई त्या घरात कोणत्या हक्काने राहते, हे तेव्हा सिद्ध करायला तिच्याकडे कागद नसेल. शिवाय तुमच्या बहिणीला हे कधी ना कधी कळणारच. कटकट टाळण्याचा सरळ मार्ग मृत्युपत्र हा आहे. घर आई-वडील दोघांच्या नावे घ्या, एकाच्या पश्चात दुसऱ्याचा त्यावर पूर्ण हक्क राहील असे वकिलाकडून दस्तात आणि मृत्युपत्रात लिहून घ्या, आणि दोघांच्या नंतर कोणाला किती हे त्यांना ठरवू द्या. तुमचे नाव त्यांच्या रोजच्या खर्चाच्या खात्यावर असावे, म्हणजे वडिलांचा हात थरथरू लागला तर बिले अडणार नाहीत. तेवढा अधिकार पुरेसा आहे.

विमा योजनेबद्दल मी मवाळ लिहिणार नाही. वयोवृद्ध जोडप्याच्या उपजीविकेचे पैसे त्यांच्या मुलाच्या आयुष्यावर विमा उतरवून पाच वर्षे अडकवणे, ही गुंतवणूक नव्हे, हे विक्रीचे लक्ष्य पूर्ण करणे आहे. विमा उत्पन्न मिळवणाऱ्यावर अवलंबून असलेल्यांसाठी काढतात. इथे तर तुमच्या आई-वडिलांना विम्याची नव्हे, रोख रकमेची गरज आहे. 12 टक्के हा आकडा कोणत्याही करारात लिहिलेला नसेल. पहिल्या वर्षांत हप्त्यातून शुल्क वजा होते, उरलेली रक्कम बाजारात जाते, आणि त्या पाच वर्षांत पैशांची गरज लागली तर ते काढता येत नाहीत. अर्ज लेखी मागे घ्या आणि पोच घ्या. दरम्यान हप्ता भरला गेला आणि पॉलिसी हातात आलीच, तर कागद मिळाल्यापासून मोजल्या जाणाऱ्या विचारमुदतीत ती परत करा. ही मुदत किती दिवसांची, ते पॉलिसीवरच छापलेले असते.

आता तेच पैसे नीट मांडू. घर आई-वडिलांच्या नावावर. 27 लाख आणि जुने 6 लाख मिळून 33 लाख, सगळे त्यांच्या नावावर, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा ठेवींत. त्यातले 5 ते 6 लाख लगेच मिळतील असे, बाकीचे वेगवेगळ्या मुदतींचे. व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असे धरू, म्हणजे आजच्या पैशांत सरळ वजाबाकी करता येते. पहिली पाच वर्षे दीड लाखाप्रमाणे साडेसात लाख गेले, उरले सुमारे 25 लाख. आई 77 वर्षांची असेल. तिथून पूर्णवेळ मदतनीस लागली, तर वर्षाला 5 लाखांप्रमाणे आणखी पाच वर्षे. ती 82 ची झाल्यावर छोटे घर विकून खर्च वजा जाता 55 लाख आले, त्यातून 20 लाख अनामत भरली, तरी असिस्टेड लिव्हिंगच्या मासिक शुल्कातील तूट सहा वर्षे भागते. एकटीचे शुल्क निम्मे होत नाही, म्हणून मी 45 हजार आणि काळजीचे वाढीव 17 हजार धरले आहेत. त्यातून तिचे 16 हजार वजा केले, की वर्षाला साडेपाच लाख होतात. म्हणजे आई 88 वर्षांची होईपर्यंत ती कोणाकडे मागत नाही. त्यापुढचे तुमच्यावर आणि बहिणीवर येईल, आणि ते आजच एकमेकांशी बोलून ठेवा.

यातच बहिणीच्या सूचनेचे उत्तर आहे. असिस्टेड लिव्हिंग वाईट नाही, पण आज तुमचे वडील स्वतःचे सगळे करतात, अडचण जिन्याची आहे. जिन्यासाठी वर्षाला साडेचार लाखांची तूट पत्करू नये. तिथे जायची वेळ आली, तर करारातली तीन कलमे आधी वाचा : दरवर्षी शुल्क किती वाढू शकते, अनामत किती आणि कधी परत मिळते, आणि रहिवासी अंथरुणाला खिळला किंवा त्याला स्मृतिभ्रंश झाला तर संस्था त्याला ठेवते की न्यायला सांगते. तिसरे कलम बहुतेक कुटुंबे वाचत नाहीत. नेमक्या ज्या दिवसासाठी अनामत भरली, त्या दिवशी त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

पटवण्याचा तुमचा प्रश्न आता सोपा झाला आहे, पण एक गोष्ट राहते. तुम्ही वडिलांना परतीचा रस्ता नसलेला निर्णय दोन महिन्यांत घ्यायला सांगत आहात. ग्राहकाची घाई ही ग्राहकाची आहे. त्याच्याकडून बयाणा घेऊ नका. तुमच्या इमारतीत किंवा जवळपास तळमजल्यावरचे वा लिफ्ट असलेले घर वर्षभरासाठी भाड्याने घ्या. 60 लाखांच्या घराचे भाडे महिना 15 हजारांच्या आसपास धरले, तर वर्षाला 1 लाख 80 हजार, आणि सामान हलवणे व जुन्या घराची देखभाल धरून सव्वादोन लाख. जुने घर पहिले चार महिने कुलूप लावून तसेच ठेवा, किल्ली वडिलांकडे असू द्या. जम बसला, की उरलेल्या आठ महिन्यांसाठी ते भाड्याने द्या, बराचसा खर्च निघून येईल. या उलट, घर विकून, छोटे घेऊन, न रमल्यामुळे सहा महिन्यांत पुन्हा उलटा व्यवहार करावा लागला, तर दोन्ही वेळच्या खर्चात मोठी रक्कम जाते, आणि जुने घर परत मिळत नाही ते वेगळेच.

वडिलांशी बोलताना बाहेरचा कोणी नको आणि भिंतीसारखे सगळे कुटुंबही समोर नको. एक कागद घ्या. त्यावर डावीकडे लिहा, आज त्यांच्या नावावर काय आहे : घर 1 कोटी, बचत 6 लाख, निवृत्तिवेतन 32 हजार. उजवीकडे लिहा, बदलानंतर त्यांच्या नावावर काय असेल : घर 60 लाख, ठेवी 33 लाख, निवृत्तिवेतन तेवढेच. खाली आईसाठी वेगळी ओळ लिहा, त्यांच्या पश्चात तिला काय मिळेल. मग पेन त्यांच्या हातात द्या आणि आकडे तपासू द्या. माझ्या कामात मी पाहिले आहे की, प्रकृतीच्या, पडण्याच्या आणि काळजीच्या गोष्टी ऐकून न हललेले वडील पत्नीच्या ओळीपाशी थांबतात आणि तिथे प्रश्न विचारू लागतात. ते विचारू लागले, की तुम्ही उत्तरे द्या, समजूत घालू नका. कपाट कोणते न्यायचे, कोणत्या खोलीत झोपायचे, पासबुक कुठे राहील, हे त्यांनी ठरवावे.

त्याच कागदाच्या मागे, पुढच्या मुक्कामाची वेळ कशी ओळखायची ते वडिलांकडूनच लिहून घ्या : आंघोळ, शौचाला जाणे आणि अंथरुणातून उठणे यांपैकी दोन गोष्टींना रोज दुसऱ्याचा हात लागला, किंवा रात्री एकटे ठेवणे धोक्याचे झाले, तर असिस्टेड लिव्हिंगचा विचार करायचा. त्याची एक प्रत बहिणीला पाठवा.