गोल्ड ईटीएफमधली मागणी कशी ओळखाल?

गोल्ड ईटीएफ म्हणजे सोनं साठवणारा असा फंड, ज्याची युनिटं शेअरसारखी एक्स्चेंजवर विकली-घेतली जातात. त्याचा एयूएम, म्हणजे एकूण मालमत्तेचं मूल्य, फुगला म्हणजे खरेदी वाढली, असं लगेच धरू नका. समजा, महिन्याच्या सुरुवातीला फंडाकडे १,००० कोटींचं सोनं होतं, भाव ५ टक्के चढला आणि अखेरीस एयूएम १,०६० कोटी झाला. त्यातले ५० कोटी नुसत्या भाववाढीचे; नवा पैसा जेमतेम १० कोटींचा. म्हणून ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या मासिक तक्त्यात निव्वळ आवक बघा, किंवा फंडाकडचं सोनं किलोत मोजा.

तेही चित्र अपुरंच. एक्स्चेंजवर एकाने युनिट विकलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर तिजोरीतलं सोनं हलत नाही. नवी युनिटं निघाली किंवा जुनी मोडली तरच साठा बदलतो. आणि लग्नसराईत झवेरी बाजारात होणारी दागिन्यांची खरेदी या आकड्यांत येतच नाही.