सोडू की ठोकू? अकाउंटन्सीच्या पेपरातली निगेटिव्हची भीती

“मॅडम, सीयूईटीच्या अकाउंटन्सीत चुकलं की मार्क कापतात. खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा ना? अंदाजाने ठोकायला गेले आणि होते तेही मार्क गेले तर?”

बारावी कॉमर्सची, सीयूईटी ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा देऊन दिल्लीत बी.कॉम. ऑनर्सला जायची स्वप्नं बघणारी मुलं फेब्रुवारी उजाडला की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हेच घेऊन येतात. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, भीती तीच असते. त्यांतल्या एका मुलीची गोष्ट सांगते, कारण तिच्या पेपरांमध्ये या भीतीची सगळी रूपं मला एकाच ठिकाणी सापडली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती आईबरोबर आली होती. आईचं म्हणणं, “घरी सगळं येतं हिला, पेपरात हात आखडतो.” मी तिचा शेवटचा सराव पेपर मागितला. 50 प्रश्नांपैकी 34 सोडवलेले, त्यांतले 30 बरोबर, 4 चूक, 16 कोरे. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीला 1 वजा, म्हणजे 150 मधून 4 जाऊन 146.

“या पेपरातलं सगळ्यात जास्त काय टोचतंय?” मी विचारलं.

“ते चार चुकले ते. चार मार्क फुकट गेले.”

“आणि सोळा कोरे?”

“त्यांचं काय? त्यांचे कापले नाहीत ना.”

इथे मला धागा मिळाला. माझी कामाची पद्धत विवेकनिष्ठ विचारांची आहे. भीती वाटू देऊ नकोस, असं मी कुणाला सांगत नाही. त्या भीतीच्या पोटात एक वाक्य असतं. ते कागदावर उतरवायचं आणि खरं आहे का ते तपासायचं. तिचं वाक्य होतं, “कोरा प्रश्न सुरक्षित असतो.”

हे वाक्य तिला मिळालं होतं वरच्या वर्गातल्या मुलांकडून. 2024 पर्यंत या पेपरात 50 पैकी 40 प्रश्न सोडवायचे असत, त्यामुळे दहा सोडणं हा नियमाचाच भाग होता. 2025 पासून पन्नासही प्रश्न अनिवार्य झाले आणि त्यांना 60 मिनिटं असतात. आता कोऱ्या प्रश्नाचे पाच गुण तुमच्या 250 मधूनच वजा होतात, फक्त गुणपत्रिकेवर ते लाल अक्षरात दिसत नाहीत. कापलेला एक मार्क दिसतो आणि न मिळालेले पाच दिसत नाहीत, म्हणून मनाला एकाचीच धास्ती बसते.

तिला मी पुढच्या सराव पेपरांसाठी एक काम दिलं. जे प्रश्न सोडशील, त्यांच्यापुढे पेन्सिलीने लिही की ठोकायचंच असतं तर काय ठोकलं असतंस. शेजारी एक अक्षर लिही: दोन पर्यायांत अडकले असेन तर ‘द’, एकच पर्याय कटला असेल आणि तीन उरले असतील तर ‘त’, काहीच सुचत नसेल तर ‘न’. गुण नेहमीसारखेच मोजायचे, पेन्सिलीचा हिशेब वेगळा.

ज्या बैठकीत गाडी रुळावर आली, ती मला नीट आठवते. तिने एक पेपर समोर ठेवला, त्यातही 146 आणि 16 कोरे. पेन्सिलीचा हिशेब मी तिलाच करायला लावला. ‘द’चे सहा प्रश्न होते, त्यांतले चार बरोबर निघाले: 20 मधून 2 वजा, 18. ‘त’चे चार, दोन बरोबर: 10 मधून 2 वजा, 8. ‘न’चे सहा, बरोबर एकच: 5 मधून 5 वजा, शून्य. बेरीज 26.

ती बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे 172 झाले असते. आणि हे सव्वीस कोणी कापले नव्हते, मीच दिले नव्हते.”

मी त्यात काही भर घातली नाही. समुपदेशकाने बोलायचं टाळावं असे क्षण असतात, आणि ते ओळखता येणं हीच या कामातली माझी कमाई आहे असं मी मानते. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “पण ते ‘न’वाले? ते तर शून्यच आले.”

प्रश्न अगदी रास्त होता. ठोकल्याने फायदा व्हायला किती शक्यता लागते, ते एका भागाकारात कळतं. चुकल्यावर जेवढे जातात, त्यांना जाणाऱ्या आणि मिळणाऱ्या गुणांच्या बेरजेने भागायचं. इथे 1 भागिले 6. सहातला एक बरोबर आला तरी हिशेब शून्यावर राहतो, आणि तिच्या ‘न’च्या सहा प्रश्नांत नेमकं तेच झालं होतं. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी शक्यता चारातली एक असते, म्हणून लांबचा विचार केला तर प्रत्येक अंध ठोक्यामागे सरासरी अर्धा गुण पदरात पडतो. एखाद्या पेपरात पडणारही नाही. त्यामुळे या परीक्षेत ‘न’चा प्रश्नसुद्धा कोरा ठेवायचा नाही, फक्त त्यावर वेळ घालवायचा नाही. ‘द’ आणि ‘त’ मात्र सोडणं म्हणजे हातचे गुण टाकणं.

गोष्ट इथे संपली असती, पण माझं लक्ष त्या चार चुकांवर होतं. त्या चारही तिच्या ‘खात्रीच्या’ उत्तरांतल्या होत्या. त्यांतला एक प्रश्न असा:

अ आणि ब भागीदार आहेत. क चौथ्या हिश्श्यासाठी येतो आणि 1,00,000 रुपये भांडवल आणतो. सर्व समायोजनांनंतर अचं भांडवल 1,50,000 आणि बचं 1,00,000 आहे. छुपं गुडविल किती? पर्याय: 1,50,000, 50,000, 12,500, 4,00,000.

तिने चाळीसेक सेकंदांत 1,50,000 काढले, पर्यायात तोच आकडा दिसला आणि पुढे गेली. मी विचारलं, “तपासलं का नाहीस?” उत्तर आलं, “आकडा पर्यायात होता ना, म्हणजे बरोबरच असणार.”

चौथ्या हिश्श्याचे एक लाख, म्हणजे फर्मचं एकूण भांडवल चार लाख धरायचं. प्रत्यक्षात तिघांचं मिळून साडेतीन लाख. फरक 50,000, तेच गुडविल. आता बाकीचे पर्याय कुठून आले ते बघा. बेरजेत कचं भांडवल धरायला विसरलात तर 1,50,000. गुडविल काढून त्यातला कचा चौथा हिस्सा उत्तर म्हणून दिलात तर 12,500. पहिल्या पायरीवरच थांबलात तर 4,00,000. प्रश्न काढणाऱ्याने विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या तीन चुका करून बघितल्या आहेत आणि तेच आकडे पर्यायात मांडले आहेत. म्हणून अकाउंटन्सीत आकडा पर्यायात सापडणं हा पुरावा नाही. चूक झाली तरी आकडा सापडतोच.

माझ्या मते या विषयात निगेटिव्हची भीती चुकीच्या जागी बसलेली असते. मुलं अर्धवट येणाऱ्या प्रश्नांना घाबरतात आणि पटकन सुटलेल्यांवर डोळे मिटून विश्वास टाकतात. तिची भीती मी काढून टाकली नाही, तिची जागा बदलली. आकडेमोडीच्या प्रत्येक उत्तराला तिने एकच प्रश्न विचारायचा: यात कुणाचा आकडा धरायचा राहिला का, आणि विचारलं होतं ते हेच का? या कामाला दहा सेकंद लागतात.

याच ज्ञानाचा दुसरा उपयोग पर्याय कापायला होतो. अ आणि ब 3:2 प्रमाणात नफा वाटतात, क पाचव्या हिश्श्याने येतो, जुन्यांचं आपापसातलं प्रमाण तेच राहतं. नवं प्रमाण कोणतं? पर्याय: 3:2:1, 12:8:5, 11:9:5, 3:2:5. इथे गणित करायची गरजच नाही. कचा हिस्सा पाचातला एक आहे का एवढं बघा. पहिल्यात तो सहातला एक होतो आणि शेवटच्यात निम्मा, दोन्ही गेले. उरलेल्या दोघांत अ आणि बचं प्रमाण 3:2 फक्त 12:8 मध्ये आहे. म्हणजे ‘द’ वाटणारा प्रश्न पुरता सुटला. गुणोत्तरांच्या प्रश्नांतही तसंच. चालू गुणोत्तर 2:1 असताना धनकोंना पैसे दिले तर ते वाढेल की घटेल, असा प्रश्न आला की चालू मालमत्ता 200 आणि चालू देणी 100 धरायची आणि दोन्हींतून 50 वजा करायचे. 150 भागिले 50 म्हणजे 3, गुणोत्तर वाढलं. आठवणीवर विसंबून ठोकण्यापेक्षा हे लवकर होतं.

वेळेबद्दल थोडंच सांगते. एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद मिळतात. व्याख्या आणि नोंदींचे प्रश्न वीस-तीस सेकंदांत होतात, भागीदाराच्या निवृत्तीचं लांबलचक उदाहरण तीन मिनिटं खातं. पहिल्या फेरीत असं उदाहरण बाजूला ठेवायचं ते वेळेसाठी, निगेटिव्हच्या धाकाने नाही. बाजूला ठेवतानाही त्या क्षणी बरा वाटणारा पर्याय निवडून, उत्तर सेव्ह करून मगच ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ करायचं. उत्तर देऊन रिव्ह्यूला ठेवलेला प्रश्न तपासला जातो, नुसती खूण केलेला जात नाही. शेवटची पाच मिनिटं उरलेल्या कोऱ्या प्रश्नांसाठी राखायची.

एक धोका मात्र सांगून ठेवते, कारण तो तिच्यातही दिसला. ठोकायची परवानगी मिळाली म्हटल्यावर पुढच्या एका पेपरात तिने सुटण्याजोगी उदाहरणंही ठोकून टाकली. असं होतंय हे ‘द’च्या खात्यावरून कळतं. दोनांत अडकलेल्या प्रश्नांपैकी साधारण निम्मे बरोबर यायला हवेत. ते चारातल्या एकावर घसरले, तर पर्याय कापण्यामागे अकाउंटन्सीचं कारण नव्हतं, नुसतं ‘हे बरं वाटतंय’ होतं. तेव्हापासून तिने नियम केला: कापलेल्या प्रत्येक पर्यायामागचं कारण एका शब्दात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर तो कापलेला धरायचा नाही.

हा हिशेब परीक्षेगणिक बदलतो, हे पालकांनीही ध्यानात घ्यावं. यूपीएससी घेते त्या ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेतल्या भरतीच्या परीक्षेची तयारी करणारा एक तरुण हेच ऐकून माझ्याकडे आला होता. त्या परीक्षेतही लेखाशास्त्राची मूलतत्त्वं विचारतात, पण चुकीला प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापतात. तोच भागाकार केला तर एक तृतीयांश भागिले एक पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे चारातला एक. चार पर्यायांत अंध ठोक्याची शक्यताही तेवढीच, त्यामुळे लांबच्या हिशेबात काही मिळत नाही, काही जात नाही, फक्त चढउतार वाढतो. त्याला मी सांगितलं की ‘न’ कोरे ठेव, आणि एक पर्याय जरी कारण सांगून कापता आला तरी उत्तर दे. त्याने प्रवेशपत्राच्या झेरॉक्सवरच तो भागाकार लिहून ठेवला.