क्रीडाशिक्षकाच्या मुलाखतीत खो-खोचा डेमो कसा घ्यावा?

प्रश्न: माझं बी.पी.एड. झालंय. पुढच्या आठवड्यात नाशिकच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक पदाची मुलाखत आहे. 20 मिनिटांचा डेमो आहे, विषय खो-खो, सातवीची 40 मुलं. सुरक्षितता आणि दिव्यांग मुलांबद्दलही विचारतात म्हणे. तयारी कशी करू?

उत्तर:

मी नाशिकमध्येच क्रीडाशिक्षक आहे आणि आमच्या शाळेच्या निवड समितीत बसतो. येणारे बहुतेक उमेदवार चांगले खेळाडू असतात, पण डेमोमध्ये सरळ पूर्ण डाव लावून मोकळे होतात. नऊ जण पाठलागाला, तीन पळायला. म्हणजे 12 मुलं खेळतात आणि 28 उभी राहतात. थोड्याच वेळात मागे ढकलाढकली सुरू होते, मग सरांच्या शिट्ट्या वाढतात. उभी मुलं किती, हे समिती सगळ्यात आधी बघते.

म्हणून पाठाला एकच कौशल्य घ्या: खो देणं. दहा-दहाच्या चार रांगा करा. प्रत्येक रांगेत आठ जण आलटून-पालटून तोंडं करून बसतील, नववा खो देईल आणि दहावा बाजूला उभा राहून दोनच गोष्टी तपासेल. पाठीला हात लागला तेव्हाच ‘खो’ ऐकू आला का? उठलेला ज्या बाजूला तोंड करून बसला होता त्याच बाजूला उतरला का? खो देणारा त्या जागी बसतो, उठलेला शेजारच्याला खो देतो. शेवटी उठलेला पळत मागे येऊन तपासनीस होतो आणि आधीचा तपासनीस पहिला खो देतो. अशी रांग आपोआप फिरत राहते आणि तुम्ही मोकळेपणी एकेका रांगेजवळ जाऊन चुका दुरुस्त करू शकता.

पहिली फेरी चालत, दुसरी भराभर चालत, तिसरी पळत. पळताना खो फार लवकर सुटायला लागला, म्हणजे हात लागायच्या आधीच समोरचा उठायला लागला, तर ती रांग पुन्हा चालण्यावर आणा. हे समितीसमोर बिनधास्त करा, त्याने मार्क जात नाहीत.

सुरक्षितता पाठाच्या टाचणातच लिहा. शक्य असेल तर आदल्या दिवशी मैदान बघून या. गंगापूर रोडकडची मोठी मैदानं आणि सिडकोसारख्या दाट वस्तीतलं छोटं आवार, दोन्हीकडे रांगा वेगळ्या बसवाव्या लागतात. दोन रांगांमध्ये निदान पाच मीटर ठेवा, नाहीतर शेजारच्या रांगेतली मुलं एकमेकांवर आदळतात. डेमोच्या आधी मैदान पायी फिरून मुरुमातले खडे उचला. पाऊस झालेला असेल तर निसरडा भाग सोडा. बांगड्या, घड्याळं काढायला लावा. मुरमावर खांबाजवळ सूर मारायला सांगूच नका. खो उघड्या तळव्याने, खांद्याच्या खाली आणि कमरेच्या वर, ढकलायचं नाही. बैठक सुधारताना मुलाला हात न लावता स्वतः बसून दाखवा.

‘मूल डोक्यावर पडलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. खूपजण ‘प्रथमोपचार करून दवाखान्यात नेईन’ म्हणून थांबतात. क्रम सांगा. शिट्टी, बाकी सगळे आहेत तिथे बसतील. मान दुखत असेल किंवा मूल बेशुद्ध असेल तर उचलायचं नाही, श्वास बघत 108 ला फोन करायचा. एका मुलाला ऑफिसात पाठवून मुख्याध्यापकांना बोलवायचं, पालकांना कळवायचं, नोंदवहीत लिहायचं. मूल ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही. उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच दवाखाना. हे शेवटचं वाक्य फार कमी उमेदवार बोलतात, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

समावेशनाचा प्रश्न बहुधा असा येतो: ‘वर्गात कुबडी घेऊन चालणारा मुलगा आहे, त्याला काय द्याल?’ ‘गुण लिहायला बसवेन’ हे उत्तर देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायला सांगितली आहे. आधी त्यालाच विचारायचं, किती वेळ उभं राहता येतं, बसून उठता येतं का. मग त्याच्या जागी खुर्ची ठेवायची आणि त्या रांगेचा नियम सगळ्यांसाठी ‘फक्त चालत’ असा करायचा. तो खो घेतो, उठून शेजारच्याला खो देतो आणि दुसरी खुर्ची तिथे तयार असते. कुबडी सरकू नये म्हणून त्याची रांग मैदानाच्या टणक भागात लावायची. ऐकू न येणाऱ्या मुलीला हाताचा स्पर्श पुरतो, फक्त थांबण्यासाठी शिट्टीबरोबर हात उंच करायची खूण सगळ्या वर्गालाच शिकवा. डेमोत दिव्यांग मूल नसलं तरी ही खूण वापरा. समितीने कारण विचारलं, तर उत्तर तुमच्याकडे तयार असेल.