घरात टीबी, पण मला काहीच त्रास नाही. मग गोळ्या का?

प्रश्न: वडिलांना फुफ्फुसाचा टीबी निघालाय. मला साधा खोकलाही नाही, तरी आशाताई गोळ्या घ्या म्हणतात. मलाही टीबी झालाय का?

उत्तर: झालाय असं नाही. जंतू शरीरात शिरून झोपून राहतात, तो सुप्त टीबी. त्यात खोकला, ताप नसतो, एक्स-रे स्वच्छ येतो आणि तुमच्यापासून कुणाला लागणही होत नाही. पण ते पुढे जागे होऊ शकतात, म्हणून घरातल्या सगळ्यांचा विचार होतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तर त्वचेच्या चाचणीसाठी न थांबता औषध देतात.

आधी एक्स-रे मात्र काढाच. या गोळ्यांमध्ये अनेकदा सहा महिने रोज आयसोनियाझिड हे एकच औषध असतं. खरा टीबी लपलेला असेल तर एकट्याने तो बरा होत नाही, उलट जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्या चालू असताना लघवी गडद पिवळी झाली किंवा उलट्या लागल्या, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवा.