एकध्रुव, प्रवर्तन आणि 'द्वैत' या शब्दाची अडचण

"एका मराठी लेखात वाचलं, की 'चुंबकीय एकध्रुवीय सापडला तर अपसरणाचा आणि प्रवर्तनाचा नियम बदलेल आणि क्षेत्रांचं द्वैत पूर्ण होईल.' एकध्रुवीय की एकध्रुव? नियम बदलेल म्हणजे नेमकं काय होईल? आणि ड्युअ‍ॅलिटीला द्वैत म्हणणं बरोबर आहे का?"

फक्त उत्तर किंवा फक्त दक्षिण टोक असलेल्या त्या वस्तूचं नाव हवं असेल तर एकध्रुव. 'एकध्रुवीय' हे विशेषण आहे आणि ते अग्रलेखांनी 'एकध्रुवीय जग' म्हणून कधीच पळवलंय. द्विध्रुव हा शब्द नाम म्हणून रुळलेला आहे, त्याच्या शेजारी एकध्रुव सहज बसतो. गंमत एवढीच, की ध्रुव म्हणजे मूळचा अढळ, जागा न सोडणारा. पुढे जो एकध्रुव येणार आहे तो मात्र चांगला पळणारा आहे, आणि सगळी गोष्ट त्याच्या पळण्यावरच उभी आहे.

'अपसरण' हा शब्द मला फार आवडतो, कारण तो स्वतःच अर्थ सांगतो. 'सृ' म्हणजे सरकणं, 'अप' म्हणजे दूर. शाळेतलं अपसारी भिंग आठवा. ते किरणांना फाकवतं. क्षेत्राच्या बाबतीत एखाद्या बिंदूभोवती इवलीशी पिशवी कल्पायची आणि पिशवीच्या पृष्ठभागातून जेवढं क्षेत्र बाहेर पडतं त्यातून आत शिरणारं वजा करायचं. उरेल ते अपसरण. पिशवीत धन विद्युतप्रभार असेल तर विद्युत क्षेत्र सगळ्या बाजूंनी बाहेर फाकतं आणि अपसरण शून्य येत नाही. चुंबकीय क्षेत्राचं मात्र आजवर जिथे मोजलं तिथे जेवढं आत तेवढंच बाहेर. लोहचुंबकाची पट्टी मधोमध मोडली तरी दोन्ही तुकड्यांना दोन-दोन टोकं असतातच, म्हणून उजव्या बाजूला शून्य लिहायची पद्धत आहे. एकध्रुव सापडला तर त्या शून्याच्या जागी चुंबकीय प्रभाराची घनता येईल. म्हणजे या नियमात बदल असा फारसा नाही. रिकामी खुर्ची भरली, इतकंच. खाली E विद्युत क्षेत्र, B चुंबकीय क्षेत्र, ρ प्रभाराची घनता आणि J धारेची घनता; e म्हणजे विद्युत, m म्हणजे चुंबकीय. div म्हणजे अपसरण, आणि curl म्हणजे क्षेत्र बिंदूभोवती किती गोल फिरतं ते.

```
div E  = ρe/ε0
div B  = ρm                      (आज: 0)
curl E = −Jm − ∂B/∂t             (आज: Jm नाही)
curl B = μ0 Je + μ0 ε0 ∂E/∂t
```

इथे चुंबकीय प्रभार वेबरमध्ये मोजलाय. काही पुस्तकं तो अँपिअर-मीटरमध्ये मोजतात, तेव्हा ρm आणि Jm यांच्यापुढे μ0 लागतो. दोन पुस्तकं ताडून पाहताना बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

खरी मजा तिसऱ्या ओळीत आहे आणि तिचं मराठी नाव तर अप्रतिम आहे. हिंदीत इंडक्शनला 'प्रेरण' म्हणतात, आपण 'प्रवर्तन' म्हणतो. (हिंदीतलं 'प्रवर्तन निदेशालय' वेगळं. ते आपल्याकडचं सक्तवसुली संचालनालय.) 'प्रवर्तन' हा शब्द आपल्याला सगळ्यात ओळखीचा आहे तो धम्मचक्र प्रवर्तन दिनामुळे, म्हणजे चाक फिरतं करणं. 'वृत्' धातूत वळण्याफिरण्याचा अर्थ आहेच, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती जे विद्युत क्षेत्र तयार होतं ते खरोखर चाकासारखं गोल फिरतं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. फाकणाऱ्या क्षेत्राला अपसरण आणि फिरणाऱ्याला प्रवर्तन, ही जोडी ज्यांनी घडवली त्यांनी वेगवेगळ्या वेळी घडवली असली तरी ती जमून आली आहे.

या फिरत्या क्षेत्रात एकध्रुव काय भर घालतो? तारेतून विद्युतप्रभार धावले की भोवती चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं, उजव्या हाताच्या नियमाने. तसेच चुंबकीय प्रभार धावले तर भोवती विद्युत क्षेत्र गोल फिरेल, पण डाव्या हाताने. Jm मागचं वजा चिन्ह तेच सांगतं. ते चिन्ह आपल्या मर्जीचं नाही. तिसऱ्या ओळीचं अपसरण घेतलं तर डावीकडे शून्य येतं, कारण कर्लचं अपसरण नेहमीच शून्य. उजवीकडे उरतं ते असं, की एका जागचा चुंबकीय प्रभार जेवढा घटेल तेवढाच तिथून वाहून गेलेला असला पाहिजे. वजाच्या जागी अधिक लिहिलं तर प्रभार वाहून गेल्यावरही मूळ जागी वाढत राहील.

आता हे हाताशी आणू. शाळेच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हॅनोमीटरला तारेचं वेटोळं जोडून त्यात पट्टीचुंबक सरकवला असेल. उत्तर टोक जवळ आणलं की काटा एकीकडे, चुंबक आरपार जाऊन दूर गेला की काटा दुसरीकडे. दोन्ही झुकाव मिळून बेरीज शून्य. आता त्याच वेटोळ्यातून g प्रभाराचा एकटा एकध्रुव खालून वर जाऊ द्या. तो लांबून जवळ येताना वेटोळ्यातला फ्लक्स, म्हणजे त्यातून पार होणाऱ्या क्षेत्ररेषांचं माप, शून्यापासून वाढत g/2 होतो, कारण प्रतलाला टेकताना त्याच्या निम्म्या रेषा वर असतात. प्रतल ओलांडताक्षणी त्या निम्म्या रेषांची दिशा उलटते आणि फ्लक्स एकदम −g/2 होतो. मग तो दूर जाताना फ्लक्स −g/2 पासून हळूहळू शून्यावर येतो. म्हणजे चढलाच.

फक्त फॅराडेचा आजचा नियम, म्हणजे Jm नसलेली तिसरी ओळ, लावला तर ओलांडण्याच्या क्षणी −g ची उडी धरावी लागेल, म्हणजे काट्याला उलट दिशेने प्रचंड हिसका बसायला हवा आणि अखेरीस बेरीज शून्य. पण तार त्या एकध्रुवापासून चांगली लांब आहे, तिच्यापाशी त्या क्षणी विशेष काहीच घडत नाही. हा खोटा हिसका Jm पुसतो. ज्या क्षणी फ्लक्स g ने घसरतो, त्याच क्षणी वेटोळ्यातून g एवढा चुंबकीय प्रभार पार होतो आणि दोन्ही पदं एकमेकांना खातात. उरतो तो येतानाचा अर्धा आणि जातानाचा अर्धा झुकाव, दोन्ही एकाच दिशेला. बेरीज पूर्ण g. पट्टीचुंबक आणि एकध्रुव यांत हाच फरक पकडायचा असतो.

शाळेतल्या तांब्याच्या तारेत ही बेरीज टिकत नाही, रोध धारा मारून टाकतो. अतिसंवाहक वेटोळ्यात मात्र धारा तशीच राहते, म्हणजे एकध्रुव गेला तरी त्याची खूण मागे उरते. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने 1931 मध्ये दाखवलं होतं, की असा प्रभार असलाच तर तो h/e च्या पटीत असेल; h हा प्लँकचा स्थिरांक, e हा इलेक्ट्रॉनचा प्रभार. म्हणजे कमीत कमी 4.14×10⁻¹⁵ वेबर. अतिसंवाहकातला फ्लक्स h/2e च्या तुकड्यांत मोजतात, तेव्हा एका वेढ्यामागे दोन तुकडे. स्टॅनफर्डला ब्लास काब्रेरा यांनी नायोबियमच्या तारेचं, 5 सेंटिमीटर व्यासाचं, चार वेढ्यांचं वेटोळं लावून ठेवलं होतं. चार वेढे म्हणजे आठ तुकड्यांची उडी अपेक्षित, आणि 14 फेब्रुवारी 1982 ला नोंदीत तशीच उडी उमटली. वेटोळं 151 दिवस चालू होतं, त्यात अशी घटना ही एकच.

ही उडी किती बारीक आहे बघा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा एवढ्याशा वेटोळ्यातून जाणारा फ्लक्स साधारण 10⁻⁷ वेबर भरतो, म्हणजे एका एकध्रुवाच्या दोन-अडीच कोटी पट. म्हणून सगळं अतिसंवाहक आवरणात झाकावं लागतं. एवढं करूनही तारेला बसलेला एखादा धक्का आत अडकलेला फ्लक्स हलवू शकतो, आणि एकाच वेटोळ्याची नोंद असेल तर तो धक्का होता की एकध्रुव हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. पुढच्या उपकरणांत वेटोळी मोठी आणि एकापेक्षा जास्त ठेवली, सगळ्यांनी एकदम साक्ष दिली तरच खरं मानायचं. तशी साक्ष आजवर मिळालेली नाही.

राहिला तुमचा खरा प्रश्न, द्वैत. मराठी कानाला द्वैत म्हटलं की मध्वाचार्य आठवतात. जीव आणि ब्रह्म वेगळे, कायमचे वेगळे. इथे सांगायचंय ते जवळजवळ उलट. प्रभार नसलेल्या पोकळीत E च्या जागी cB आणि cB च्या जागी −E लिहिलं तर चारही समीकरणं जशीच्या तशी राहतात. प्रभार आले की आज हे बिघडतं, कारण विद्युतप्रभाराला चुंबकीय बाजूला जोडीदार नाही. एकध्रुव आला की प्रभारांचीही तशीच बदली करता येते आणि समीकरणं पुन्हा तीच. ही दोन वेगळ्या तत्त्वांची बाब नाही, एकाच गोष्टीच्या दोन रूपांची आहे.

मग 'अदलाबदल' म्हणावं का? मीही काही दिवस तेच लिहायचो. पण अदलाबदल दोनदा केली तर मूळ स्थिती यायला हवी, आणि इथे दोनदा केल्यावर E चं −E होतं. वजा चिन्हाने भांडं फोडलं. ही खरं तर काटकोनात फिरवण्याची क्रिया आहे, आणि काटकोनातच कशाला, कुठल्याही कोनातून फिरवली तरी चालते. थोडं विद्युत, थोडं चुंबकीय असं मिश्रण करता येतं. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. जगातल्या प्रत्येक कणाच्या चुंबकीय आणि विद्युत प्रभारांचं गुणोत्तर एकच असेल, तर योग्य कोनातून फिरवून सगळा चुंबकीय प्रभार शून्य करता येतो. मग 'एकध्रुव आहे का' हा प्रश्न निव्वळ नाव ठेवण्याचा ठरतो. एकध्रुव सापडला असं म्हणायचं ते एखाद्या कणाचं गुणोत्तर इलेक्ट्रॉनपेक्षा वेगळं निघालं तरच.

म्हणून मी 'द्विरूपता' लिहितो. हेविसाइडने एकोणिसाव्या शतकातच या समीकरणांची चुंबकीय धारेसह जोडीची मांडणी केली तेव्हा तिला 'डुप्लेक्स' म्हटलं होतं, द्विरूपता त्याच्याही जवळ जातो. वर्गात ड्युअ‍ॅलिटी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. 'तरंग-कण द्वैत' आता हलणार नाही, तेही असू दे.

आणखी एक सावधगिरी. 2009 मध्ये 'एकध्रुव सापडले' अशा बातम्या आल्या होत्या त्या स्पिन आइस नावाच्या स्फटिकांबद्दल, उदाहरणार्थ डिस्प्रोसियम टायटनेट. तिथे अणूंचे इवले चुंबक असे रचले जातात, की त्यांची टोकं सुटी झाल्यासारखी स्फटिकात फिरतात. पण ही टोकं H चे, म्हणजे B मधून पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा वाटा वगळून उरणाऱ्या क्षेत्राचे उगम आहेत, B चे नाहीत. B चं अपसरण त्या स्फटिकातही शून्यच आहे, त्यामुळे अशा बातमीत मी नुसतं 'एकध्रुव' न लिहिता 'एकध्रुवासारखे उद्दीपन' लिहीन. शब्द लांबतो, पण लांबू दे.