काकीच्या व्हॉइस नोटमधून चार ओळींचा निरोप

प्रश्न: "आमचं घर म्हार्दोळला. काकीची लांबलचक व्हॉइस नोट फोनने मजकुरात उतरवली, पण घरच्या ग्रुपवर थोडक्यात काय टाकू? त्यातला भाग: 'परवा सत्यनारायण भटजी दहाला येतो म्हणालेले पण त्यांचं बोरीला दुसरं आहे म्हणून आता साडेअकरा विद्याचं काय नेहमीचंच मडगावच्यांनी फोंड्याला थांबून फुलं घ्या नको फुलं नको जायच्या माळा इथेच सांगितल्यात केळीची पानं आणा पंचवीस नाहीतर तीस जेवायला कोण ते कळवा'"

मजकूर वरून खाली छाटत बसू नका, कारण त्यातून लांब मजकुराचा फक्त जरा कमी लांब मजकूर होतो. कोणी काय करायचंय तेवढं शोधा. इथे तीनच कामं आहेत: सगळ्यांनी वेळेवर पोचणं, मडगाववाल्यांनी पानं आणणं आणि जेवायला किती जण ते कळवणं.

बोलणारा माणूस आधीचं खोडत नाही, पुढे दुरुस्त करतो. म्हणून शेवटचं बोललेलं धरायचं. मात्र 'दहा' पूर्ण गाळू नका. काकीने दोघाचौघांना फोनवर दहाच सांगितलं असणार, तेव्हा वेळ बदलल्याचं स्पष्ट लिहा. फुलांचं तसं नाही; ती ग्रुपवर कोणी मागितलीच नव्हती, मग उल्लेखच नको.

आता पानं. 'पंचवीस नाहीतर तीस' म्हणजे 'पंचवीस... नाहीतर तीसच आणा' की 'पंचवीस-तीस'? विरामचिन्हं नसलेल्या मजकुरावरून हे कळत नाही, तेवढा तुकडा कानानेच ऐकावा लागतो. तरीही कळलं नाही तर तीस लिहा. पानं उरली तर बिघडत नाही, कमी पडली तर पंगत अडते. नावं आणि आकडे नेहमी असे ऐकून तपासा. 'जायच्या माळा' बघा ना, म्हार्दोळात त्या जायांच्या फुलांच्याच असणार, पण फोनला ते कुठून कळणार!

'परवा' हा नोट बोलली त्या दिवसापासून मोजायचा. काकी गुरुवारी रात्री बोलली असेल आणि तुम्ही शुक्रवारी लिहीत असाल, तर वाचणारा रविवार समजेल. वार आणि तारीख दोन्ही घाला.

मी असं लिहीन:

"शनिवारी १४ तारखेला म्हार्दोळच्या घरी सत्यनारायण.
पूजा सकाळी ११.३० ला (आधीची १० ची वेळ बदलली आहे).
मडगावहून येणाऱ्यांनी फोंड्याहून केळीची ३० पानं आणावीत.
जेवायला किती जण, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथेच कळवा."

'शुक्रवारी संध्याकाळपर्यंत' हे माझं. काकीने मुदत दिलेली नाही, पण मुदतीशिवाय कोणी कळवत नाही. म्हणून टाकण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवा. आणि मूळ नोट किंवा तिचा मजकूर ग्रुपवर पुढे पाठवू नका. विद्याही त्याच ग्रुपवर असणार.